कोट धुवायला टाकला होता

कोट जेवणाच्या टेबलावर पसरलेला होता आणि त्याच्या दोन बाजूंना आई आणि काकू उभ्या होत्या. बसत कोणीच नव्हतं. मी ऑफिसातून नुकती आले होते, पायातले बूटही काढले नव्हते, आणि दोघींचे चेहरे बघून ते काढावेत की तसंच परत बाहेर पडावं हे मला ठरवता येईना.

कोट आईचा. गडद निळा, लोकरीचा, पोटऱ्यांपर्यंत येणारा. तिने नोकरीत असताना हप्त्याने घेतला होता, आणि मी त्याला हात लावायच्या आधी हात धुवावेत असा आमच्या घरात नियमच होता. आता जो टेबलावर होता त्याला कोट म्हणायचं तर मन मोठं करावं लागलं असतं. बाह्या कोपराच्या जेमतेम खाली. कापड जाड आणि टणक झालेलं, घोंगडीसारखं. फक्त आतलं अस्तर होतं तेवढंच राहिलं होतं, त्यामुळे ते खालून वीतभर बाहेर लोंबत होतं. खांद्यांच्या आतल्या गाद्यांचे गोळे झाले होते.

"घरी धुतलास तू," आई म्हणाली.

"नाही हो ताई. ड्रायक्लीनला दिला होता. पावती आहे ना."

काकूने पावती पुढे सरकवली. आईने चष्मा लावून ती वाचली. कार्बनची फिकट अक्षरं, 'कोट – १', खाली नंबर आणि रक्कम. आईने रकमेवर बोट ठेवलं.

"एवढ्या मोठ्या कोटाचं ड्रायक्लीन एवढ्यात होतं? मला शिकवू नकोस. हे इस्त्रीचे पैसे आहेत. आधी बादलीत बुचकळलास, आटला म्हटल्यावर दुकानात नेऊन इस्त्री करून आणलास, आणि आता पावती नाचवतेस माझ्यासमोर."

काकूने तोंड उघडलं आणि मिटलं. मला ते तेव्हाच खटकलं. काकू शब्दाला शब्द देणारी बाई आहे, भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कोणाला सोडत नाही, आणि इथे तिच्यावर सरळसरळ खोटेपणाचा आरोप होतोय तर ती पावतीची घडी घालत बसली.

"मी खोटं बोलत नाहीये," एवढंच ती म्हणाली.

आईने तिच्याकडे हात पसरला. "आमची किल्ली दे."

आमचं दार आणि काकूचं दार समोरासमोर आहे. आमच्या घराची जादा किल्ली काकूच्या दाराआड खिळ्याला टांगलेली असते, काका होते तेव्हापासून. कुरिअर आलं, नळवाला आला, आई बाहेर पडताना खिडकी बंद करायला विसरली, की काकू दार उघडते. ती किल्ली आईने कधी मागितली नव्हती. काकू तिच्या घरात गेली, किल्ली घेऊन आली, टेबलावर कोटाशेजारी ठेवली आणि कोट उचलून निघून गेली. दार तिने आवाज न करता लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आता काकूविषयी सांगायला हवं, नाहीतर आई उगाच दुष्ट वाटेल.

आमच्या घरात काकूला मागून सगळे 'अर्धा कप' म्हणतात. तिच्याकडे चहा अर्धा कपच मिळतो. मागितला तर आणखी अर्धा मिळतो, पण मागायची हिंमत करणारा पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. साबणाची उरलेली चकती ती नव्या वडीला चिकटवते. जुन्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर तिच्या खरेदीच्या याद्या असतात. टीव्ही बघताना दिवा मालवते, कारण टीव्हीचा उजेड असतोच की. काका होते तेव्हा म्हणायचे, हिचा हात एवढा आखडता आहे की हस्तरेषा बघणाऱ्यालाही हिने मूठ उघडून दिली नाही. तेव्हा काकूही हसायची. काका गेल्यावर तिची काटकसर तशीच राहिली, तिला हसून झाकणारं माणूस गेलं.

त्यामुळे आईला जे वाटलं ते कोणालाही वाटलं असतं. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. काकू आपल्या लेकीकडे गेली होती, तिकडे थंडी कडक, म्हणून आईने कोट दिला होता. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाळाने कॉलरवर दूध ओकलं. तसाच परत देणं बरं दिसणार नाही म्हणून काकूने तो साफ करून द्यायचा ठरवला. इथपर्यंत सगळं चांगलंच होतं. पण काकूने एका कोटासाठी ड्रायक्लीनचे पैसे मोजले असतील, हे मला पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या जिन्याकडच्या खिडकीशी आली, कारण दारातून यायचं तर आईसमोरून यावं लागलं असतं. हातात कोट, पिशवीत घातलेला.

"मला एक पत्र टाइप करून दे. लाँड्रीवाल्याला."

"काकू, खरं सांग. घरी धुतलास का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला खिडकी लावून घ्यावीशी वाटली. "तूही?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "तू टाइप कर. विश्वास नंतर ठेव."

काकूने आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारखिडकीवर काम केलं. लोक तिच्याकडे पाणी येत नाही, गढूळ येतं, बिल दुप्पट आलं म्हणून पत्रं घेऊन यायचे आणि ती शिक्का मारून ती आत पाठवायची. कुठलं पत्र साहेबांच्या टेबलावर पोचतं आणि कुठलं फडताळात जाऊन पडतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत नसेल. मी पहिला मसुदा झोकात लिहिला. 'आपल्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे आमच्या कुटुंबाला झालेला मनस्ताप' वगैरे. तिने तो वाचला आणि 'अक्षम्य'पासून पुढचं सगळं काढून टाकायला लावलं.

"रागावलेलं पत्र वाचणारा खुश होतो. त्याला वाटतं, हे रागावून थकतील. काय दिलं, काय परत आलं, काय हवंय, किती दिवसांत हवंय. बस."

शेवटी पत्र एवढंच राहिलं:

'आपल्या दुकानात सोबतच्या पावतीनुसार एक लोकरीचा कोट साफ करण्यासाठी दिला होता. देताना कोट नीट होता, कॉलरवर दुधाचा डाग होता. परत मिळाला तेव्हा कोट आटलेला होता. बाह्या, लांबी आणि पाठ तिन्ही कमी झाल्या आहेत, कापड जाड झाले आहे, अस्तर मात्र मूळ मापाचे आहे. कोट आता घालता येत नाही. कोट पाहण्यासाठी सोबत आणला आहे, तो आमच्याकडेच राहील. कोटाचे वय लक्षात घेऊन योग्य ती भरपाई द्यावी, आणि कोट आपल्या दुकानात आटला हे लेखी द्यावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक तक्रार मंचाकडे जाऊ.'

"लेखी कशाला?" मी विचारलं. "पैसे मिळाले की झालं."

"तू टाइप कर."

कोटाच्या वरच्या काजात एक छोटा पिवळा कागदी बिल्ला टाचलेला होता, नंबर लिहिलेला. मी तो काढायला गेले तर काकूने माझ्या हातावर चापट मारली. "हात लावू नकोस. पावतीवरचाच नंबर आहे तो. तो आहे म्हणून हा कोट त्यांच्याकडून आला हे दाखवता येतं."

शनिवारी आम्ही दोघी दुकानात गेलो. मी का गेले हे मला नीट सांगता येणार नाही. काकू खोटी ठरली तर तिला एकटीला ठरू देऊ नये असं काहीतरी वाटलं असेल.

लाँड्री दोन गाळ्यांची, बऱ्यापैकी मोठी. आत शिरलं की औषधी, किंचित गोडसर असा वास नाकात बसतो आणि घरी जाईपर्यंत सुटत नाही. काउंटरच्या मागे छताला गोल फिरणारी दांडी, तिच्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांत कपडे टांगलेले. त्याच्याही मागे वाफेच्या इस्त्रीचा फुस्स फुस्स आवाज. काउंटरवर स्वतः लाँड्रीवाले, पन्नाशीचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं अतिशय मऊ. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"मॅडम, पावतीच्या मागे छापलंय बघा. आमची जबाबदारी बिलाच्या दहापटीपर्यंत."

"छापलंय ते मी वाचलंय," काकू म्हणाली. "तुम्ही छापलं म्हणून माझा कोट परत लांब होत नाही. पोच द्या."

"पोच?"

"पत्र मिळालं म्हणून. माझ्या प्रतीवर सही, तारीख आणि शिक्का."

त्यांनी जरा नाखुशीने शिक्का मारला. मग कोट हातात घेतला, बाहीचं कापड बोटांत चोळलं, उलटं करून अस्तर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खरंच आश्चर्य वाटल्यासारखा झाला.

"हे ड्रायक्लीनमध्ये झालेलं नाही," ते म्हणाले. "आमच्या त्या यंत्रात पाणी नसतंच, मॅडम, द्रावण असतं. लोकर आटते ती पाण्यात घुसळल्यावर आणि गरम वाळवल्यावर. हा पाण्यात धुतलाय कोणीतरी." त्यांनी काकूकडे पाहिलं. आवाज मऊच होता. "आधी घरी काही प्रयत्न केला होता का? राग नका मानू. बरेच लोक करतात, आणि मग आमच्याकडे आणतात."

आईचंच वाक्य. जणू ती मागे उभी राहून सांगत होती. काकूने पत्राची प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली.

"पंधरा दिवस," ती म्हणाली, आणि आम्ही बाहेर पडलो.

घरी जाताना मी तेच घोळवत होते. दोन माणसांनी, जी एकमेकांना ओळखत नाहीत, एकच गोष्ट सांगितली होती. आता मी काकूवर विश्वास ठेवायचा तर त्या दोघांना चूक ठरवायचं होतं, आणि त्यांतली एक माझी आई.

पुढचे दिवस वाईट गेले. आई आणि काकू जिन्यात समोरासमोर आल्या तर एक जण किल्ल्या शोधायला लागायची. एका दुपारी आमच्या स्वयंपाकघराचा नळ उघडा राहिला, आई बाजारात, मी ऑफिसात. आमच्या दाराखालून पाणी जिन्यात आलं. काकू दारासमोर उभी राहून आईला फोन लावत राहिली, आई फोन उचलेना. शेवटी काकूने घरातली जुनी चादर आणून दाराशी दाबून ठेवली, आणि आई येईपर्यंत दर थोड्या वेळाने ती बादलीत पिळत राहिली. आई आली, दार उघडलं, नळ बंद केला. "चादर धुऊन देते," आई म्हणाली. "राहू द्या, मी धुते," काकू म्हणाली. आईने तेवढ्यात बोलून घेतलं, "हो, धुण्यात तू तयार आहेसच." मला आईचा खूप राग आला. मी तसं तिला रात्री म्हटलं, आणि त्यावर आई म्हणाली, "कोटाचं मला काही नाही गं. जुना होता. पण ती माझ्या तोंडावर खोटं बोलली. आणि मी तिला माझं घर उघडून देत होते इतकी वर्षं." ती हे म्हणताना रडवेली झाली होती. तेव्हा मला कळलं, दोघींनाही एकच हवं होतं, काकू खरं बोलली होती याचा पुरावा, आणि तो दोघींपैकी कोणाच्याच हातात नव्हता.

दुकानातून फोन आला. या, बोलून घेऊ.

या वेळी लाँड्रीवाल्यांनी आम्हाला काउंटरच्या आत बसायला खुर्च्या दिल्या. समोर एक पाकीट आणि एक टाइप केलेला कागद, शेजारी आम्ही पुन्हा आणलेला कोट.

"मी विचार केला," ते म्हणाले. "जुनं गिऱ्हाईक आहात. कोटाचं वय धरून जी रक्कम निघते ती पूर्ण देतो. भांडण नको. फक्त इथे सही करा."

काकूने कागद वाचला आणि माझ्याकडे दिला. 'केवळ सदिच्छा म्हणून, दुकानाची कोणतीही चूक मान्य न करता, सदर रक्कम देण्यात येत आहे. याविषयी पुढे कोणतीही तक्रार राहणार नाही.'

मला वाटलं, झालं. पैसे घे, आईला दे, संपव. पाकीट जाड होतं. काकूची नजर त्याच्यावर गेली आणि मी तिला ओळखत असल्यामुळे सांगते, ती नजर क्षणभर तिथेच चिकटली.

मग तिने कागद परत सरकवला. "यात कोट तुमच्याकडे आटला असं लिहा. मग सही करते."

"मॅडम, पैसे पूर्ण देतोय मी."

"पैशांचं नाही."

"मग कशाचं आहे?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चढला. "जे आमच्याकडे झालं नाही ते मी का लिहू? उद्या तुम्ही तो कागद घेऊन दारोदार फिराल. आणि कोट? तेवढा कोणी लहान माणूस असेल तर त्याला होईल की तो कोट, वाया तर जाणार नाही."

काकूने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मागे इस्त्री फुस्स करत होती. मी बघायला काही नाही म्हणून वरच्या दांडीवरचे कपडे बघत बसले. सूट, साड्या, शेरवानी, शालू, प्रत्येकाच्या काजात किंवा काठाला पांढरा बिल्ला. दुसऱ्या बाजूच्या फडताळात घडी केलेल्या चादरी, पडदे, टेबलक्लॉथ, त्यांना पिवळे बिल्ले.

मी कोटाच्या काजाकडे पाहिलं.

"अहो," मी म्हटलं, "पांढरे आणि पिवळे बिल्ले वेगळे कशासाठी?"

"पांढरे ड्रायक्लीनचे," ते म्हणाले, "पिवळे धुलाईच्..." आणि थांबले.

त्यांनी चष्मा लावला, कोट ओढून घेतला आणि काजातला बिल्ला बराच वेळ बघितला. मग उठले, काउंटरखालचा पावतीपुस्तकांचा गठ्ठा काढला आणि आमच्या पावतीची त्यांच्याकडची प्रत शोधली. तिच्यावर गिऱ्हाइकाच्या प्रतीवर न उमटलेला एक शब्द पेन्सिलीने लिहिलेला होता. 'धुलाई.'

मला टाळी वाजवावीशी वाटली. मी काकूकडे वळले. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ती काउंटरच्या कडेकडे बघत होती.

"मॅडम," लाँड्रीवाले हळू म्हणाले, "अक्षर माझंच आहे. गर्दी असेल. कोट घडी करून आणला होता तुम्ही. मी विचारलं असणार, काय करायचं, आणि तुम्ही म्हणालात..."

"धुवायला टाकायचाय," काकू म्हणाली. "हो. तसंच म्हणाले. सगळेच म्हणतात."

"म्हणतात. खरंय. पण मी धुलाई लिहिली, आणि बिलही धुलाईचंच लावलं." ते थांबले. "तुम्हाला माहीत असेलच, मॅडम. तुम्ही दरवर्षी शाल टाकता ड्रायक्लीनला. शालीला लागतं त्याहून कमी लागलं होतं तुमच्या कोटाला."

काकू पावतीची घडी घालायला लागली, त्या दिवशी टेबलापाशी घातली होती तशीच. आणि त्या घडीतून मला सगळं दिसलं. टेबलापाशी आईने रकमेवर बोट ठेवलं तेव्हा तिने तोंड का मिटलं होतं, आणि मला 'विश्वास नंतर ठेव' का म्हणाली होती. दर कमी लागला हे तिला काउंटरवरच कळलं होतं. तिला वाटलं असणार, चुकलेत हे, आणि ती खुशीत पैसे देऊन बाहेर पडली असणार, बोलली तर बिल सुधारतील म्हणून. मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली, आणि दोन्ही एकदमच आलं.

"तरी चूक आमचीच," लाँड्रीवाले म्हणाले, आणि मला त्या माणसाबद्दल एकदम आदर वाटला. "गिऱ्हाईक काहीही म्हणो, लोकरीला हात लागला की थांबायला हवं. मी थांबलो नाही, आतल्यानेही बिल्ला बघितला, कापड बघितलं नाही. लेखी देतो." मग त्यांनी जाड पाकिटावर हात ठेवला. "पण खरं लिहायचं तर सगळंच लिहीन. तुम्ही धुवायला म्हणालात, बिल धुलाईचं लागलं आणि तुम्ही ते हरकत न घेता भरलंत. मग दोघांची चूक, आणि रक्कम अर्धी. नाहीतर हा कागद आहे तसा सही करा आणि पूर्ण घेऊन जा. यात धुलाईचा शब्दही नाही. घरी कोणाला काही कळणार नाही."

'घरी' हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल. पण काकूने मान वर केली.

मी मनात म्हटलं, घे. पूर्ण घे. आईला सांग दुकानदाराने भरपाई दिली. आई पैसे बघेल, म्हणेल चूक नसती तर कशाला दिले असते, आणि विषय मिटेल. दर कमी लागल्याचं कोणाला कळायची गरजच नाही. मी बोलणारही होते.

"सगळं लिहा," काकू म्हणाली.

लाँड्रीवाल्यांनी हाताने लिहिलं, दुकानाच्या छापील कागदावर, खाली सही आणि शिक्का. त्यांनी पाकिटातून अर्धे पैसे काढून घेतले. काकूने राहिलेले मोजले नाहीत. तिला पैसे न मोजता पर्समध्ये टाकताना मी पहिल्यांदा पाहिलं.

वाटेत ती बँकेच्या एटीएममध्ये शिरली. मी बाहेर उभी राहिले. परत आली तेव्हा पाकीट पुन्हा जाड झालेलं होतं. मी काही विचारलं नाही.

"तुझ्या आईला तू काही सांगू नकोस," ती म्हणाली. "मी बोलते."

आई बाल्कनीत कपडे काढत होती. काकू आमच्या दारात आली, बेल वाजवली. किल्ली होती तेव्हाही ती बेल वाजवूनच यायची, पण आजची बेल वेगळी वाटली. आईने दार उघडलं आणि बाजूला झाली. काकू आत येऊन टेबलापाशी उभी राहिली, त्याच जागी. पाकीट आणि कागद टेबलावर ठेवले.

"कोटाचे पैसे आहेत. आणि हे वाचा."

आईने चष्मा शोधला. तो तिच्या डोक्यावर होता. मी तो तिच्या कपाळावरून खाली ढकलला. तिने कागद वाचला. मग पुन्हा वाचला, या वेळी ओठ हलवत.

"म्हणजे घरी नव्हता धुतलास," आई म्हणाली.

"नाही."

आईचा चेहरा मऊ झाला, आणि मग तिची नजर खाली सरकली, आणि तो परत घट्ट झाला. "हरकत न घेता भरले. म्हणजे बिल कमी लागलं ते तुला तिथंच कळलं होतं."

"हो."

"आणि तू गप्प बसलीस."

"हो ताई. बरं वाटलं मला. वाचले म्हणून."

बाहेर खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"हे त्यांनी लिहिलं नसतं तर मला कळलंही नसतं," आई म्हणाली.

"नसतं कळलं. न लिहिता पूर्ण पैसे देत होते ते."

"मग लिहून का घेतलंस?"

काकूने टेबलाची कड पकडली. "तुम्ही म्हणालात मी खोटं बोलते. मी चिकट आहे ताई, सगळ्यांना माहीत आहे, मलाही आहे. माझ्या मागे काय म्हणता तेही माहीत आहे मला. पण मी तुमच्याशी खोटं बोलले नव्हते."

माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. 'अर्धा कप' हे नाव मीच पाडलं होतं, शाळेत असताना.

आई वळून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. काकूने मला डोळ्यांनीच विचारलं, आणि मी खांदे उडवले, कारण मलाही कळेना. काकू दाराकडे निघाली. ती उंबरठ्याशी पोचली तेव्हा आई बाहेर आली. तिने टेबलावरचं पाकीट उघडून आत पाहिलं, एकदा कागदावरच्या अर्ध्या रकमेकडे पाहिलं, पाकीट बंद केलं, आणि काकूच्या मागे दारापर्यंत गेली.

"मंगळवारी गॅसवाला येणार आहे," आई म्हणाली. "मी डॉक्टरकडे जाणार, ही ऑफिसात." तिने काकूचा हात धरला, त्यात किल्ली ठेवली आणि काकूची बोटं तिच्यावर एकेक करून मिटवली.

काकूने मूठ बघितली. मग डोळे पदराने पुसले, नाक पुसलं, घसा साफ केला.

"ताई, गॅसवाल्याला सुटे पैसे लागतात."

"सुटे मी ठेवीन टेबलावर," आई म्हणाली. "तू फक्त दार उघड."